सोळा किलो गूळ

संध्याकाळच्या भाकरी थापताना श्रीदेवीच्या डोळ्यांपुढून तो निळा पट्टा काही केल्या हलत नव्हता. रक्तदाब मोजायचा पट्टा. आयसीयूतल्या तीन नंबरच्या खाटेवर, साडेचार वर्षांच्या आरोहीच्या दंडाला अर्पिता सिस्टरनं दुपारी तो गुंडाळला होता. मुलांचा पट्टा दंडावर सैल होऊन फिरायला लागला, म्हणून सिस्टरनं कपाट उघडून तान्ह्या बाळांसाठी ठेवलेला छोटा पट्टा काढला. तो मात्र नीट बसला. श्रीदेवी शेजारीच उभी होती, फाइलमध्ये दिवसभराचं दूध लिहीत. तिनं पाहिलं आणि पुढं लिहीत राहिली. आता तव्यावरची भाकरी एका बाजूनं करपली, तरी तिला पट्टाच दिसत होता.

धाराशिवच्या त्या लहानशा बालरुग्णालयात श्रीदेवी आहारतज्ज्ञ होती. सहा वर्षं झाली होती. मुरूम गावची मुलगी. वडील शांतलिंगप्पा बाजारात धान्याचे आडते. लहानपणी शाळा सुटली की ती दुकानात पोत्यांवर बसून अभ्यास करायची, आणि समोर वडिलांचा काटा चालू असायचा. शेतकरी गाडीतून पोती उतरवताना म्हणायचा, घरी मोजलंय अप्पा, बरोबर ऐंशी हाय. वडील हसून पोतं काट्यावर चढवायला सांगायचे. घरी कानडीत आणि दुकानात मराठीत त्यांचं एकच म्हणणं असे, की काट्यानं सांगितल्याशिवाय आकडा तोंडातून काढू नये. लातूरला पोषणशास्त्र शिकताना हे वाक्य तिनं मैत्रिणींना इतक्यांदा ऐकवलं होतं, की त्या तिला ‘काटा’च म्हणत.

रुग्णालयात ती आली तेव्हा तिला कुणी विचारत नव्हतं. तिचं काम म्हणजे डबे बघणं, अशी सगळ्यांची समजूत. आजारी पोराच्या आया तिला खिचडीवाल्या बाई म्हणत. मोठे डॉक्टर, बसवेश सर, हुशार माणूस, हातही चांगला, पण नळीनं किती अन्न द्यायचं ते नजरेनं ठरवायचे. पोर बघायचं, खाटेची दांडी दोनदा वाजवायची आणि सांगायचं, एवढं द्या. श्रीदेवीनं त्यांच्यापुढं शोफिल्डचं सूत्र मांडलं, तेव्हा ते म्हणाले होते, “मॅडम, पोरं सूत्र वाचून आजारी पडत न्हाईत.”

तिनं सोडलं नाही. सूत्र सोपं होतं. तीन ते दहा वर्षांच्या मुलीचं वजन वीस पूर्णांक तीननं गुणायचं आणि त्यात चारशे शहाऐंशी मिळवायचे. आलेला आकडा म्हणजे पोर नुसतं स्वस्थ पडून असलं तरी शरीर दिवसभरात जाळतं तेवढ्या कॅलरी. मुलाचं सूत्र वेगळं, वयाच्या गटाप्रमाणे वेगळं. मग आजाराचा ताण धरायचा. शस्त्रक्रिया झाली असेल तर थोडं वाढवायचं, रक्तात जंतुसंसर्ग असेल तर जास्त, भाजलं असेल तर त्याहून जास्त. हे सगळं तिनं एका मोठ्या तक्त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं. दीड वर्ष त्या तक्त्यासाठी भांडली. एकदा एका भाजलेल्या मुलाच्या जखमा तिच्या आकड्यानं दिलेल्या आहारावर भरून आल्या, आणि बसवेश सरांनी स्वतः खिळा मागवून तो तक्ता आयसीयूच्या भिंतीवर लावला. त्या दिवसापासून त्यांनी तिला विचारल्याशिवाय कुणाचं नळीतलं दूध सुरू केलं नाही. राउंडला ते मुद्दाम थांबून म्हणत, “आकडा काय म्हणतोय मॅडमचा?” सिस्टर हसत. श्रीदेवीला तो चिडवण्याचा सूरही आवडायचा.

मागच्या वर्षी पुण्याला चार दिवसांचं प्रशिक्षण झालं. तिथं एका बाईंनी स्पष्ट सांगितलं, की व्हेंटिलेटरवरच्या मुलाला आजाराच्या पहिल्या ऐन दिवसांत हे ताणाचे गुणक लावू नका. झोपेचं औषध दिलेलं, श्वास यंत्र घेतंय, ते पोर आपल्या अंदाजापेक्षा कमी जाळतं. गुणक लावला की गरजेपेक्षा जास्त जातं, साखर वाढते, श्वासावर भार येतो. सुरुवातीला नुसता सूत्राचा आकडा ओलांडू नका, पुढं ताप उतरला, पोर सुधारायला लागलं, की वाढवा. श्रीदेवीनं ते वहीत लिहून आणलं. परतताना बसमध्ये तिनं ठरवलं होतं, की तक्ता बदलायचा. मग दिवाळी आली, लेकीची शाळा, आणि खरं सांगायचं तर दुसरंही कारण होतं. ज्या तक्त्यासाठी दीड वर्ष भांडलो तोच आपण होऊन खोडायचा, हे तिच्या हातून होईना. वही कपाटात राहिली. तक्ता भिंतीवर राहिला.

आरोही आली ती शनिवारी भल्या सकाळी. माकणीहून. तीन आठवडे ताप, आधी गावात, मग लोहाऱ्यात औषधं झाली होती. छातीत पू झाला होता आणि श्वास इतका वर लागला होता, की तिला उतरवून थेट आत नेलं आणि घशात नळी घातली. छातीत पू काढायची दुसरी नळी. वजनकाट्यावर ठेवायला वेळच नव्हता. खाटेसकट वजन करणारा काटा त्या रुग्णालयात नव्हता. सिस्टरनं दाराशी उभ्या असलेल्या आजीला, धुरपदाबाईंना, विचारलं, वजन किती? धुरपदाबाई न अडखळता म्हणाल्या, “सोळा किलो. बरोबर सोळा.”

इतकं ठामपणे सांगितलं म्हटल्यावर सिस्टरनं तेच लिहिलं. साडेचार वर्षांच्या मुलीला सोळा म्हणजे चांगलंच वजन. पोर रोडावलेलं वाटत होतं, पण तीन आठवडे तापानं फणफणलेलं पोर रोडावणारच. अंगावर चादर, चेहऱ्यावर चिकटपट्ट्या, सलाइननं थोडी सूज आलेली. त्या सोळावर औषधांचे डोस ठरले. दोन दिवसांनी नळीनं अन्न सुरू करायचं ठरलं तेव्हा श्रीदेवीनंही फाइलवरून सोळाच उचलला.

आठशे अकरा आले. मग ती तक्त्यापुढं उभी राहिली. रक्तात जंतुसंसर्ग, दीड. पुण्याची वही तिला आठवली नाही असं नाही. पण तक्ता तिचा होता, शेजारी बसवेश सर उभे होते आणि धुरपदाबाई दारातून हात जोडून सांगत होत्या, की पोरीच्या पोटात पंधरा दिस काय न्हाय, लई भुकेजली असंल, पोटभर घाला बाई. दीडनं गुणून बाराशे सोळा. पहिल्या दिवशी निम्मं, दुसऱ्या दिवशी पाऊण, बुधवारी रात्री आठ वाजल्यापासून पूर्ण. सरांनी सही केली.

आज बुधवार होता.

पहिला दिवस चांगला गेला. दूध पचलं, पोट फुगलं नाही, उलटी नाही. धुरपदाबाईंनी दोन दिवसांनी पहिल्यांदा चहा घेतला. दुसऱ्या दिवसापासून एकेक गोष्ट होऊ लागली आणि प्रत्येक गोष्टीला आपलं कारण मिळत गेलं. साखर दोनशे चाळीसच्या वर गेली. संसर्गात जाते. पाय सुजले. सलाइन जास्त झालं असेल. पोटॅशियम सकाळी तीन पूर्णांक चार होतं, दुपारी दोन पूर्णांक आठ. लघवीच्या औषधानं उतरतं, भरून काढायला सांगितलं. यंत्राचा आधार कमी करायला घेतला तर पोरीचा श्वासच उथळ झाला, हात धरला तर बोटांत जोर नव्हता. बसवेश सर म्हणाले, थकलीय, उद्या बघू. नाडी मधूनच एखादा ठोका चुकवत होती. प्रत्येकाच्या हातात एक-एक कारण होतं आणि सगळी एकत्र कुणी ठेवली नव्हती.

साडेचारला श्रीदेवी घरी निघाली तेव्हा जिन्यात धुरपदाबाई भेटल्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेला गुळाचा खडा त्यांनी तिच्या हातात कोंबला. तुळजापूरचा प्रसाद, तुमच्या लेकीला. श्रीदेवीला लेकीच्या शाळेची गाडी गाठायची होती, म्हणून ती एका कानानं ऐकत, एक पायरी उतरत, थांबत होती. धुरपदाबाईंना बोलायला माणूस हवं होतं. ही पोर मागच्या साली अशीच तापली होती, तेव्हा त्यांनी देवीला तिच्या भाराइतका गूळ बोलला होता. सोळा किलो. शेजारणीच्या नातवाचं सोळा भरलं होतं, मग आपली काय कमी हाय? नवरात्रात गेले. दहाची ढेप, पाचची ढेप आणि एक किलोचा वेगळा खडा. तागडीत बसवली पोरगी, तर गूळ खालीच. चारचौघांत लाज आली, आणि बोललेलं कमी करता येत न्हाय. मग थोरल्या लेकानं, बलभीमनं, तिच्या मांडीवर जोंधळ्याचं गाठोडं ठेवलं, ओटीत नारळ घातले. तवा कुठं काटा बराबर झाला.

“देवीनं घेतलं बगा,” धुरपदाबाई म्हणाल्या. “सोळा म्हणजे सोळा. आता ती सोडायची न्हाय तिला.”

श्रीदेवी बरं म्हणाली आणि निघाली.

भाकरी करपल्याचा वास आला तसा तिचा नवरा शिवानंद पेपर तपासता तपासता आत डोकावला. तो गणिताचा शिक्षक होता. लक्ष कुठंय, असं विचारत तो स्वतःच गॅस बारीक करून गेला. घड्याळात सव्वासहा झाले होते. महेश्वरी, त्यांची लेक, पुढच्या महिन्यात पाच वर्षांची होणार होती. गुळाचा कागद तिला सापडला होता. देवाला दाखवून मगच खायचा, असं आजोबांनी शिकवलेलं, आणि देव्हारा उंचावर. उचल, म्हणून ती आईच्या साडीला लोंबकळायला लागली. श्रीदेवीनं पिठाचे हात पुसले आणि तिला काखेत हात घालून वर उचललं.

कमरेत कळ आली. रोज येते, आजही आली. दर महिन्याच्या एक तारखेला ती लेकीला काट्यावर उभी करते. या महिन्यात महेश्वरी सोळा किलो भरली होती.

सोळा. हा दंड. ही मांडी. हातात मावत नसलेलं हे पोर.

तिनं लेकीचा दंड बोटांत धरला. अंगठा आणि मधलं बोट काही केल्या मिळेनात. आणि तो निळा पट्टा, तान्ह्या बाळाचा, आरोहीच्या दंडाला कसा नेमका बसला होता. मग जिन्यातल्या धुरपदाबाई आठवल्या, या वेळी दोन्ही कानांनी. मांडीवर जोंधळ्याचं गाठोडं. ओटीत नारळ.

महेश्वरी वरून म्हणाली, आई, खाली ठेव की. श्रीदेवीनं तिला खाली ठेवलं आणि ती तशीच स्वयंपाकघराच्या लादीवर बसली.

गाठोडं चार किलोचं धरलं, नारळ एक किलोचे. म्हणजे अकरा. आणि तेही नवरात्रातलं, तापाच्या आधीचं. आता अकरा तरी असेल का? साडेचार वर्षांची मुलगी अकरा किलोची, म्हणजे नुसती रोड नव्हे. ती आधीपासूनच अति कुपोषित होती, आणि हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, कारण फाइलवर सोळा होतं. म्हातारी खोटं बोलली नव्हती. तिच्या लेखी देवीनं पारडं मान्य केलं होतं, तिथं दुसऱ्या काट्याला विचारायचं कशाला?

शिवानंदच्या तपासायच्या गठ्ठ्यातला एक पाठकोरा कागद तिनं ओढला आणि पाठीमागं लिहिलं. अकरा गुणिले वीस पूर्णांक तीन, अधिक चारशे शहाऐंशी. सातशे नऊ. ती त्या आकड्याकडं बघत राहिली. पाच किलोच्या चुकीनं सूत्रात फरक पडला होता जेमतेम शंभराचा. वजनाची चूक तेवढीच असती तर निभावलं असतं. पुढचा दीड, भिंतीवरचा, तिच्या अक्षरातला, त्यानं आठशेचे बाराशे केले होते. आणि सोळाच्या आकड्यानं झाकून ठेवली ती दुसरीच गोष्ट. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न मिळालं, की पेशी हपापल्यासारख्या रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम आत ओढतात. रक्तात ते तळाला जातं. स्नायूंचा जोर जातो, श्वासाच्या स्नायूंचासुद्धा. अंगावर सूज येते. मग हृदय. आत्ता पोरीला पाऊण आहार चालू होता, नऊशे बारा, म्हणजे स्वस्थ पडून लागतं त्याच्या सव्वापटीहून जास्त. रात्री आठला सिस्टर नळीतून दूध सोडणाऱ्या पंपाचा आकडा वाढवून बाराशे सोळावर नेणार होती, कारण श्रीदेवीनं तसं लिहून ठेवलं होतं.

साखर, सूज, पोटॅशियम, बोटांतला जोर, चुकलेले ठोके. ती सगळी तिनं एका कागदावर खाली-खाली लिहिली, आणि सगळ्यांचं कारण एकच निघालं.

फॉस्फरस तपासलेलंच नव्हतं. ती तपासणी तिथं होत नसे, नमुने सोलापूरला जात. गाडी सात वाजता निघे.

शिवानंद दारात आला होता. तिनं त्याला थोडक्यात सांगितलं. त्यानं कागद उचलून गणित पडताळलं, ते बरोबर होतं. मग तो खुर्चीवर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, की वजन अंदाजाचंच आहे ना अजून? नारळ किती होते, गाठोडं केवढं, तुला तरी कुठं ठाऊक? सकाळी लवकर जा, दंडाचा घेर मोज, मग सांग. नुसत्या अंदाजावर रात्रीचं सरांना उठवून आपलाच तक्ता चुकला म्हणशील, आणि उद्या म्हातारीची आठवण चुकली निघाली तर? दुसऱ्यांदा कोण विचारणार तुला?

त्याचं चूक नव्हतं. तिला तेच भय होतं. बसवेश सर खाटेची दांडी वाजवतील, सिस्टरकडं बघतील आणि तक्ता उतरवायला सांगतील. पुन्हा ती डबे बघणारी बाई. त्याहून वाईट म्हणजे, पुढच्या पोराचं दूध पुन्हा नजरेनं ठरेल.

“सकाळपर्यंत काय होईल तिला?” शिवानंदनं विचारलं.

श्रीदेवीनं घड्याळाकडं बघितलं. उत्तर तिला माहीत होतं. रात्री आठपासून सकाळी नऊच्या राउंडपर्यंत तेरा तास. थेंबाथेंबानं तेरा तास.

तिला मुरूमचं दुकान आठवलं. एकदा वडिलांनीच एका शेतकऱ्याचं पोतं न मोजता शब्दावर घेतलं होतं. ओळखीचा माणूस, पाऊस आलेला, घाई. संध्याकाळी ध्यानात आलं, की पोत्यात तळाशी ओलं धान्य होतं. वडील जेवणावरून उठून आधी गोदामात गेले होते. अव्वा, तिची आई, म्हणाली, सकाळी बघा की. तर म्हणाले, सकाळपर्यंत ते ओलं शेजारच्या पोत्यांत उतरेल.

सहा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

काय सांगायचं ते तिनं कागदाच्या उरलेल्या कोपऱ्यात लिहिलं, म्हणजे आवाज कापला तरी वाचता येईल. आठची वाढ थांबवा. चालू आहार निम्म्याच्याही खाली, साडेतीनशेच्या आत आणा. एकदम बंद करू नका, साखर कोसळेल. फॉस्फरस आणि मॅग्नेशियमचा नमुना सातच्या गाडीनं. पोटॅशियम पुन्हा. थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, आत्ता. हृदयावर नजर. औषधांचे डोस सोळावर आहेत, ते पुन्हा बघा. दंडाचा घेर मोजा, फीत माझ्या टेबलाच्या वरच्या कप्प्यात. गुणक काढून टाका. तो माझ्या तक्त्यातला आहे.

शेवटची ओळ तिनं खोडली. मग पुन्हा लिहिली.

शिवानंदनं लेकीला बाहेर नेलं आणि दार ओढून घेतलं. बाहेरून महेश्वरीचा आवाज येत होता, बाबा, गूळ थोडा ठेवू का त्या आजारी ताईला. श्रीदेवीनं फोन उचलला. या वेळी सर घरी असतात, जेवायच्या आधी बातम्या बघतात, आणि तेव्हा कुणी फोन केलेला त्यांना खपत नाही, हे रुग्णालयात शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं. सिस्टरला सांगून भागलं असतं का? नसतं. सरांच्या सहीशिवाय पंपाला कुणी हात लावला नसता, आणि सातची गाडी सुटली असती.

तिनं बसवेश सरांचं नाव काढलं. कागद डाव्या हातात धरला. पिठाचा पांढरा ठसा पडद्यावर उमटला, तो पुसला, आणि नंबर लावला.